मृत्युलेखातून जीवनपट : आधी काय, मग काय?

वर्तमानपत्रातला मृत्युलेख शेवटापासून सुरू होतो. पहिल्याच वाक्यात निधनाची तारीख, वय आणि सर्वांत मोठा सन्मान येतो. त्यामागून शोकसंदेश आणि गाजलेले कार्य येते, आणि जन्मगाव, शाळा, लग्न या गोष्टी तळाच्या परिच्छेदात जातात. चरित्रकाराची रीत आणखी वेगळी. तो एक प्रकरण अध्यापनावर लिहितो, दुसरे समाजकार्यावर, तिसरे कुटुंबावर, आणि प्रत्येक वेळी काळात मागे जाऊन नव्याने सुरुवात करतो. वाचकाला हे चालते, कारण तो पान उलटून मागे पाहू शकतो. अभिवादनाच्या कार्यक्रमात बसलेल्या श्रोत्याला ती सोय नसते.

म्हणूनच निवेदकाच्या हाती द्यायचा जीवनपट नव्याने रचावा लागतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण घेऊ. १८५८ ते १९६२ एवढे लांब आयुष्य, त्यात पाठोपाठ उभ्या राहिलेल्या संस्था आणि पुढे बदलत गेलेली त्यांची नावे. क्रम चुकण्याच्या बहुतेक जागा या एकाच चरित्रात सापडतात.

पहिले काम निवडीचे नाही, नोंदीचे. कागदावर चार रकाने आखावेत : साल, त्या वेळचे वय, ठिकाण आणि घटना. लेख जसा वाचत जाऊ तशी प्रत्येक तारीख रकान्यात टाकायची, क्रमाची चिंता न करता. अण्णासाहेबांवरचा मृत्युलेख समोर असेल तर नोंदी साधारण अशा पडतात : १९६२ निधन, १९५८ भारतरत्न, १९१६ महिला विद्यापीठ, १८९६ अनाथ बालिकाश्रम, १८९३ पुनर्विवाह, १८९१ फर्ग्युसनमध्ये गणिताचे अध्यापन, १८५८ जन्म. मग कागद सालवार लावला की रिकाम्या जागा दिसू लागतात. १८५८ नंतर एकदम १८९१ आले, तर मधली तेहेतीस वर्षे कुठे गेली? तिथे चरित्र उघडावे लागते. मुरूडहून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी केलेली पायपीट, आणि वय कमी दिसते म्हणून तिथून आलेला नकार. त्यानंतर १८८१ साली मॅट्रिक आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी.

एकाच पुस्तकावर भिस्त ठेवली तर उलटी अडचण येते. अण्णासाहेबांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. बालपण आणि आश्रमाचे दिवस त्यात स्वतः त्यांच्याच शब्दांत आहेत, पण महिला विद्यापीठ त्यानंतरचे. आत्मचरित्र वापरताना ते कोणत्या साली संपते, हे आधी पाहावे आणि पुढच्या वर्षांसाठी दुसरा आधार शोधावा.

आता १८९१ कडे पाहू. या एका सालात दोन नोंदी आहेत. पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या, आणि त्यानंतर काही महिन्यांनी अण्णासाहेब पुण्याला येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. साल सारखे असेल तेव्हा महिना लिहिल्याशिवाय ओळ पक्की समजू नये. जुन्या चरित्रांत तर साल शकात असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषात जानेवारी उजाडल्यावर फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. निवेदनात एखादी घटना एका वर्षाने मागे सरकलेली आढळली, तर बहुधा हेच कारण असते.

क्रम बिघडला की अर्थही बिघडतो. अण्णासाहेबांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला. विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी त्याच वर्षी, पण लग्नानंतर काढली. आधी केले, मग सांगितले. निवेदकाने ‘मंडळी काढली आणि विधवेशी विवाहही केला’ असे म्हटले, तर या माणसाची ओळखच बदलते. प्रकरणवार संक्षेपातही असेच होते. ‘अध्यापन’ हे प्रकरण १९१४ च्या निवृत्तीपर्यंत जाते आणि ‘समाजकार्य’ १८९३ पासून सुरू होते. दोन्ही एकापाठोपाठ एक वाचली की श्रोत्याला वाटते, निवृत्त झाल्यावर ते समाजकार्याकडे वळले. प्रत्यक्षात आश्रमाची पहिली अठरा वर्षे त्यांनी कॉलेजची नोकरी सांभाळून काढली. म्हणून अशा ठिकाणी ‘याच काळात’ हे दोन शब्द जीवनपटात आलेच पाहिजेत.

सर्वांत जास्त चुका नावांत होतात. ‘१९१६ साली एसएनडीटी विद्यापीठ स्थापन केले’ हे वाक्य व्यासपीठावर सहज ऐकू येते. १९१६ साली सुरू झाले ते महिला विद्यापीठ. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली ती १९२० साली, आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव त्यानंतर लागले. तसेच ‘१८९६ साली हिंगण्यात आश्रम’ हेही चूक. आश्रम पुण्यात सुरू झाला आणि १९०० साली हिंगण्याच्या झोपडीत गेला. त्या सालचे नाव आणि त्या सालचे ठिकाण लिहावे, आजचे नाव हवे असेल तर ‘पुढे’ म्हणून जोडावे.

वयाचा रकाना इथे उपयोगी पडतो. निधन ९ नोव्हेंबर १९६२ चे, जन्म १८ एप्रिल १८५८ चा. म्हणजे १०४ वर्षे पूर्ण आणि १०५ वे चालू. ‘वयाच्या १०४ व्या वर्षी’ आणि ‘१०४ वर्षांचे असताना’ यांत एका वर्षाचा फरक आहे. कोणत्याही दोन नोंदींचे साल आणि वय यांची वजाबाकी जुळली नाही, तर एक आकडा चुकलेला आहे हे लगेच कळते.

मग येते निवड. दहा मिनिटांच्या निवेदनात आठ टप्पे पुरेसे होतात :

१८५८ – जन्म
१८८४ – पदवी
१८९१ – राधाबाईंचे निधन, फर्ग्युसनमध्ये अध्यापन
१८९३ – पुनर्विवाह, मग मंडळी
१८९६ – अनाथ बालिकाश्रम, १९०० पासून हिंगण्यात
१९१६ – महिला विद्यापीठ, १९२० ची देणगी
१९५८ – भारतरत्न आणि जन्मशताब्दी
१९६२ – निधन

यातून १९०७ चे महिला विद्यालय, १९०८ चा निष्काम कर्ममठ, १९५५ चे पद्मविभूषण गळले. संस्था विसरल्या असे नव्हे, पण प्रत्येक टप्प्याला मिनिटभर हवे असेल तर काहीतरी सोडावेच लागते. सन्मान आधी गाळावेत. एका मोठ्या सन्मानाने लहान सन्मान झाकले जातात, कामाचे तसे होत नाही. सातव्या टप्प्यावर दाखवायला जन्मशताब्दीचे टपाल तिकीट आहे. ते १८ एप्रिल १९५८ ला निघाले तेव्हा अण्णासाहेब हयात होते.

आयोजकांना एवढीच विनंती : तयार जीवनपट कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी घरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला किंवा संस्थेतल्या जुन्या कार्यकर्त्याला मोठ्याने वाचून दाखवा. कागदावर निसटलेले साल त्यांच्या कानाला खटकते, आणि दुरुस्ती करायला वेळही हाती असतो.