अल्ड्रॉप किती इंची?

मामाच्या कोकणातल्या घराला दोन झडपांचं जुनं सागवानी दार आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याचा अल्ड्रॉप बदलायचा होता. दुकानदाराने विचारलं, "आठ, दहा की बारा इंची?" आणि मामा माझ्याकडे बघू लागला.

अल्ड्रॉप म्हणजे आडव्या दांड्याची कडी. दांडा एका झडपेवरच्या दोन पकडींतून सरकतो आणि समोरच्या झडपेवरच्या पकडीत किंवा चौकटीच्या भोकात शिरतो. दांड्याला जोडलेली चपटी पट्टी खाली पाडली की ती कोयंड्यावर बसते. कोयंड्यात कुलूप अडकवलं की दांडा मागे सरकत नाही. साध्या कडी-कोयंड्यात हा दांडा नसतो, नुसती पट्टी आणि कोयंडा असतो. अंगणाच्या हलक्या फाटकाला तेवढं पुरतं, मुख्य दाराला मी ते सुचवणार नाही.

मापाचं उत्तर दाराच्या लाकडात आहे. जुन्या दारांत पातळ फळ्या जाड पट्ट्यांत बसवलेल्या असतात. अल्ड्रॉपच्या पकडी जाड पट्ट्यावरच याव्या लागतात, पातळ फळीवर बसवल्या तर एका धक्क्यात उखडतात. मामाच्या दाराचा उभा पट्टा फक्त चार इंच होता, पण कमरेच्या उंचीवरचा आडवा पट्टा झडपेच्या पूर्ण रुंदीचा, एकवीस इंच. त्यावर बारा इंची आरामात बसला. दांडा समोरच्या पकडीत निदान दीड इंच शिरतो ना, हे मी दार लावून पाहिलं. न्हाणीघराच्या एकेरी दाराला मात्र आठ इंची पुरेसा असतो. दुकानात जाताना कुलूप सोबत न्यावं, त्याची कडी कोयंड्यात शिरली नाही तर सगळी मापं फुकट.

दांड्याची जाडी बघायला लोक विसरतात. सोळा मिलिमीटरचा दांडा मुख्य दाराला चांगला. आम्ही पकडी स्क्रूऐवजी आरपार बोल्टांनी बसवल्या आणि नट आतून आवळले. बाहेर दिसणारा स्क्रू कुणालाही पेचकसाने काढता येतो.

आणि एक चूक मी फार दारांवर पाहते. अल्ड्रॉप दोन झडपा एकमेकींना बांधतो, चौकटीला नव्हे. म्हणून आधी लागणाऱ्या झडपेला आतून वर आणि खाली टॉवर बोल्ट हवेत. नसतील तर बाहेरून जोर देताच दोन्ही झडपा मधोमध आत झुकतात आणि सगळा ताण पकडींवर येतो. खालचा सहा इंची चालतो. वरचा लांब घ्यावा, म्हणजे त्याची मूठ हाताशी येते. आमच्या दाराला वर बारा इंची लागला, नाहीतर मामीला दर वेळी स्टूल शोधावं लागलं असतं.

पावसाळ्यात लाकूड फुगून झडप किंचित रुंद होते. तेव्हा चौकटीतलं टॉवर बोल्टचं भोक अगदी नेमकं असेल तर दांडा अडतो. सुताराने ते थोडं लांबट कोरलं. जुलैत मामाने फोनवर सांगितलं, बोल्ट सहज लागतोय.