टोकन देण्याआधी खाटेचे सांधे पाहा

आपल्या मुली नोकरीला, शिकायला पुण्या-नाशिकला जातात. तिघी-चौघी मिळून फ्लॅट भाड्याने घेतात, आणि पहिल्यांदा जागा पाहायला आई नाहीतर मावशी सोबत असतेच. पाणी किती वेळ येतं, लाइटबिल कोण भरणार, हे आपण न चुकता विचारतो. पण जागेत ढेकूण आहेत का, झुरळं आहेत का, हे विचारून कळत नाही. "छे हो, आपल्याकडे काहीच नाही," हे उत्तर ठरलेलं असतं. ते आपल्या डोळ्यांनी पाहावं लागतं, आणि टोकनचे पैसे हातातून सुटायच्या आधी पाहावं लागतं.

जाताना पिशवीत तीन वस्तू असू द्या. टॉर्च किंवा चार्ज केलेला मोबाइल, एक जुनं एटीएम कार्ड आणि पांढऱ्या धोतराचा नाहीतर बनियनचा ओला फडका. एवढ्यावर काम भागतं.

सगळ्यात आधी ढेकूण पाहावेत, कारण ढेकूण दिवाळीच्या सुट्टीत मुलीच्या बॅगेतून आपल्या गावच्या घरी येतो. "खोली दोन महिने बंद होती, आता कुठले ढेकूण," असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नका. रक्त न मिळता ढेकूण कित्येक महिने काढू शकतो. माणसाचा श्वास आणि ऊब जाणवली की तो पुन्हा बाहेर येतो.

दिवसा ढेकूण दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच्या खुणा शोधायच्या. मालकाने खाट दिली असेल तर गादी उचला, फळ्या उलट्या करा. खाटेचे सांधे, स्क्रूची भोकं, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू आणि गादीची शिवण इथे टॉर्च मारा. बॉलपेनने टिंबं काढावीत तसे काळपट ठिपके पुंजक्याने दिसले, तर त्यावर ओला फडका दाबा. ठिपका विरघळून तांबूस-तपकिरी पसरला तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. तो तसाच राहिला तर रंगाचा किंवा डांबराचा डाग असेल. मग कार्ड सांध्यात घालून हळूच ओढा. त्याबरोबर फिकट, पोकळ सालं आली तर ती ढेकणाची कात. खसखशीएवढे पांढरे दाणे चिकटलेले असतील तर ती अंडी. पुरता वाढलेला ढेकूण मसुराएवढा, चपटा आणि तांबूस असतो.

खाट नसली तरी भिंत सोडू नका. खिळ्यांची भोकं, दाराच्या चौकटीची फट, पडद्याच्या दांडीचं टोक, झोपायच्या उंचीवर असलेल्या स्विचबोर्डाची कड, एवढं पाहून घ्या. बोर्ड उघडायचा नाही, नुसती कड पाहायची.

आमच्या गटातल्या एका ताईंनी चाकणजवळ लेकीसाठी असाच फ्लॅट पाहिला. दुसरा मजला, ताजा रंग, चकचकीत फरशी. एजंट म्हणाला, आजच टोकन द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. ताईंनी खाटेची मधली फळी उचलली. वरून सगळं स्वच्छ होतं, पण फळी जिथे चौकटीवर टेकते तिथे ठिपक्यांची रांग होती. फडका तांबूस झाला आणि कार्डावर दोन काती आल्या. ताजा रंग भिंतीला लागतो, खाटेच्या पोटाला कुणी लावत नाही.

त्यानंतर ताई स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्यांना आधी दिसल्या त्या ओट्याखाली मारलेल्या खडूच्या पांढऱ्या रेघा. ही खूण आम्हाला फार मोलाची वाटते. आधीच्या भाडेकरूने केलेला उपाय हाच आपला पुरावा असतो. खडूच्या रेघा, कोपऱ्यात उंदराचा चिकट पुठ्ठा, कपाटात डांबरगोळ्या, भिंतीच्या कडेला विषाची वडी दिसली की कशाचा त्रास होता ते न विचारता कळतं.

झुरळं दोन तऱ्हेची असतात आणि त्यांचा अर्थ वेगळा असतो. मोठं, लालसर-तपकिरी झुरळ बहुधा गटारातून, मोरीच्या जाळीतून वर येतं. जाळी घट्ट बसवली की पुष्कळ आवर बसतो. बारीक, फिक्या रंगाचं, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ घरातच पैदास करतं. त्याची मादी अंड्यांची डबी पोटाला चिकटवून फिरते आणि एका डबीतून तीस-चाळीस पिल्लं निघतात. त्याच्यासाठी सिंकखालचा पाइप भिंतीत शिरतो ती जागा, ट्रॉलीच्या बिजागऱ्या आणि दारांच्या आतल्या कडा पाहा. चहाच्या बारीक पत्तीसारखे कण आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या रिकाम्या डब्या दिसल्या, कपाट उघडताच तेलकट, कोंदट वास आला, तर वस्ती जुनी समजा. फिनेलचा फार उग्र वास येत असेल तर खिडक्या उघडून थोडं थांबा आणि मग पुन्हा वास घ्या. जमलं तर अंधार पडल्यावर एकदा जा. दिवा न लावता आत शिरा आणि ओट्यावर एकदम टॉर्च मारा. एरवी लपणारं झुरळ दिवसाढवळ्या समोर फिरत असेल, तर आत जागा पुरत नाही इतकी संख्या झाली आहे.

उंदरासाठी पाइपांभोवतीची भोकं पाहा. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून घरातला छोटा उंदीर येतो. त्याच्या लेंड्या दोन्ही टोकांना निमुळत्या असतात. काळ्या, ओलसर असतील तर ताज्या, करड्या होऊन चुरा होत असेल तर जुन्या.

चाकणच्या ताईंनी टोकन दिलं नाही, पण जागा सोडलीही नाही, कारण ती कंपनीपासून चालत अंतरावर होती. त्यांनी फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि सांगितलं, खाट आधी बाहेर काढा, मग फवारणी दोनदा करा, मध्ये पंधरा दिवस ठेवून. मालक म्हणाला, एकदा करून देतो, उद्या राहायला या. ताई अडून बसल्या आणि ते बरोबर होतं. बहुतेक औषधांनी ढेकणाची अंडी मरत नाहीत. ती साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात, आणि दुसरी फवारणी त्या पिल्लांसाठी असते. बारीक झुरळांसाठी त्यांनी जेल लावून घेतलं आणि त्यावर स्प्रे मारू दिला नाही, कारण स्प्रेच्या वासाने झुरळं जेल खायला येत नाहीत. खर्च मालकाचा, हे करारात एका ओळीत लिहून घेतलं. आपल्या राज्यात भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा ही ओळ घालून मागायला संकोच नको.

मुलगी तोवर मैत्रिणीकडे राहिली. तीन आठवड्यांनी ताई पुन्हा कार्ड आणि फडका घेऊन गेल्या, त्याच भिंती, त्याच फटी पाहिल्या, आणि मगच टेम्पो सांगितला.