पंगतीतून उठताना

साताऱ्यातल्या एका घरातली ही गोष्ट. आजींचं वय बाहत्तर. रोज सकाळी तळ्यापर्यंत चालून यायच्या, त्यामुळे आपली तब्येत ठणठणीत आहे असंच त्यांना वाटायचं. पण जमिनीवर बसणं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. बसता यायचं, पण उठायला दोघांचे हात लागायचे. सणाला सगळे पंगतीत आणि आजी कोपऱ्यात खुर्चीवर, हे घरानं धरूनच चाललं होतं.

मे महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात आठवड्यातून दोनदा ताकदीच्या व्यायामाचा वर्ग सुरू झाला. शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट ताई यायच्या. आजी शेजारणीबरोबर गेल्या. घरी फक्त "संघात जाऊन येते" एवढंच सांगितलं.

पहिल्या दिवशी ताईंनी एक साधी चाचणी घेतली. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमलं, तर पायांची ताकद कमी पडतेय असं समजतात आणि पडण्याचा धोका वाढतो. हातांचा आधार घेतला, तर गुण शून्य. आजींना हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही.

"अहो, पण मी रोज चालते की," आजी म्हणाल्या. ताईंनी समजावलं, की सपाट रस्त्यावर चालण्याची मांड्यांना सवय झालेली असते. त्यानं दम टिकतो, पण उठताना सगळं शरीर वर उचलावं लागतं. ती ताकद हवी असेल, तर स्नायूला नेहमीपेक्षा थोडं जास्त ओझं द्यायला हवं आणि ते पेललं की आणखी थोडं वाढवायला हवं.

आजींसाठी ताईंनी खुर्चीवर दोन जाड उशा ठेवल्या. बैठक उंच झाली की उठणं सोपं होतं. कडेला सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, पुढे झुकायचं आणि श्वास सोडत उठायचं. बसताना धपकन न बसता तीन अंक मोजत खाली यायचं. आठ वेळा केलं की विश्रांती, मग पुन्हा आठ. त्यातले शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सगळे आठ सहज झाले, तर एक उशी काढायची. उठताना गुडघे आत वळू लागले किंवा श्वास कोंडला जाऊ लागला, तर उंची फार लवकर कमी केली असं समजायचं.

आजींच्या गुडघ्यांची झीज झालेली, म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. मांड्या दोन दिवस भरून आल्या, तर ताई काळजी करत नसत. पण एकदा दुसऱ्या दिवशी गुडघाच सुजला, तेव्हा काढलेली उशी पुन्हा ठेवली आणि दोन आठवडे तशीच राहू दिली.

दुसरी उशी निघाली, तोवर जुलै लागला होता. सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायू फारसे वाढत नाहीत. आहेत त्याच स्नायूंतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला मज्जासंस्था शिकते, म्हणून फरक लवकर जाणवतो. हे म्हातारपणीही घडतं. १९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांवर असा प्रयोग झाला होता. आठ आठवडे वजनांचा व्यायाम पुरा करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली.

ऑगस्टमध्ये ताईंनी जमिनीवरून उठणं शिकवलं. आधी कुशीकडे वळून हात टेकायचे, गुडघ्यांवर यायचं, मग एक पाऊल पुढे रोवून त्याच मांडीवर दोन्ही हात दाबत वर यायचं. गुडघ्याखाली घडी केलेली चादर आणि शेजारी आधाराला खुर्ची.

गणपतीत उकडीच्या मोदकांची पंगत बसली आणि आजी सरळ पाटावर जाऊन बसल्या. सुनेनं घाईनं खुर्ची पुढे केली, "आई, इथं बसा." त्या हसून "राहू दे" म्हणाल्या. जेवण झाल्यावर मुलगा आणि नात दोन्ही बाजूंनी हात द्यायला धावले. आजींनी त्यांना थांबवलं, कुशीकडे वळल्या, पाऊल रोवलं आणि उभ्या राहिल्या. "आजी, हे कधी शिकलीस?" नात ओरडलीच. मुलानं तर पुन्हा करून दाखवायला लावलं.

मग घरात सगळ्यांचीच चाचणी झाली. आजी ३० सेकंदांत अकरा वेळा उठल्या. आता सुनेनं तिच्या आईलाही वर्गाला पाठवायचं ठरवलं आहे. आजींनी मात्र सगळ्यांना एक बजावून सांगितलं: व्यायाम सोडला की कमावलेली ताकद काही महिन्यांत उतरते. म्हणून दिवाळीत वर्गाला सुट्टी असली, तरी खुर्चीवरचे आठ-आठ चुकणार नाहीत, आणि आता ते छातीशी दोन किलो डाळीची पिशवी धरून होतील.