२५० ग्रॅमचा ड्रोन आणि १२० मीटरची मर्यादा

जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या डोंगरांवर वणवा पेटला होता. कॅनडातल्या क्युबेक प्रांताची ‘सुपर स्कूपर’ विमानं समुद्रातून पाणी उचलून आगीवर ओतत होती. ९ जानेवारीला त्यातल्या एका विमानाच्या डाव्या पंखावर ड्रोन आदळला आणि पंखाला सुमारे तीन इंच रुंद, सहा इंच लांब भोक पडलं. विमान सुखरूप उतरलं, पण ऐन वणव्यात ते दुरुस्तीसाठी काही दिवस जमिनीवरच राहिलं. दुरुस्तीचा खर्च ६५ हजार डॉलरहून जास्त आला. ड्रोन उडवणाऱ्या माणसाला आग बघायची होती. त्याने एका पार्किंगच्या इमारतीवरून ड्रोन सोडला, तो अडीच किलोमीटरच्या आसपास दूर गेला आणि त्याच्या नजरेआड झाला. त्या ड्रोनचं वजन २५० ग्रॅमपेक्षा कमी होतं.

आपल्या देशातल्या ‘ड्रोन नियम, २०२१’ प्रमाणे हा ‘नॅनो’ वर्गातला, म्हणजे सगळ्यात हलका ड्रोन ठरतो. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्याहून जड ते लार्ज. वजन धरायचं ते बॅटरी, कॅमेरा, टाकीतलं औषध असं सगळं मिळून, उड्डाणाच्या वेळचं. नॅनो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, विमाही सक्तीचा नाही. मायक्रो ड्रोन हौसेखातर, पैसे न घेता उडवायचा असेल तर त्यालाही प्रमाणपत्राची अट नाही. लग्नाच्या शूटिंगचे पैसे घेतले की मात्र ते लागतं.

या सवलतीमुळे एक घातक समज पसरला आहे: हलक्या ड्रोनला नियमच नाहीत. वजनाचे वर्ग प्रामुख्याने ठरवतात ते कागदपत्रं किती लागतील आणि ड्रोन खाली पडला तर जमिनीवरच्या माणसाला किती इजा होईल. वर उडणाऱ्या विमानाचं गणित वेगळं असतं, कारण तिथे टक्कर ड्रोनच्या वेगाने होत नाही, विमानाच्या वेगाने होते. ताशी २५० किलोमीटरने जाणाऱ्या छोट्या विमानाला २५० ग्रॅमचा ड्रोन लागला, तर त्या धडकेतली ऊर्जा वेगवान गोलंदाजाच्या ताशी १५० किलोमीटरच्या चेंडूच्या चौपटीहून जास्त भरते. शिवाय ड्रोनमध्ये धातूच्या मोटारी असतात, घट्ट बॅटरी असते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनासाठी तिथल्या विद्यापीठांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोन विमानाचं जास्त नुकसान करतो. पक्ष्याचं शरीर आदळताच पसरतं, मोटार आत घुसते.

उलट, आपल्या शेतांवर औषध फवारणारे दहा लिटरच्या टाकीचे ड्रोन पाहा. टाकी भरल्यावर ते २५ किलोच्या जवळ जातात, म्हणजे नॅनोच्या जवळपास शंभरपट. पण ते पिकावरून दोन-तीन मीटरवर फिरतात. विमानांच्या दृष्टीने माझी काळजी त्यांच्याबद्दल कमीच आहे. काळजी वाटते ती खिशात मावणाऱ्या आणि ढगांचा फोटो काढायला वर निघालेल्या ड्रोनची.

म्हणून उंचीचा नियम सगळ्या वर्गांना लागू आहे. नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगीशिवाय उडवता येतं. हा आकडा आला कुठून? डोळ्यांनी पाहत विमान चालवणाऱ्या वैमानिकाला मोकळ्या भागात ५०० फुटांच्या खाली यायचं नसतं, दाट वस्तीवर तर त्याची मर्यादा याहून वर असते. खाली ड्रोन, वर विमान आणि मध्ये शंभर फुटांची मोकळी पट्टी, अशी ही मांडणी आहे.

ही पट्टी विमानतळाजवळ उरत नाही. उतरणारं प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येतं. धावपट्टीपासून ८ किलोमीटरवर ते सुमारे ४२० मीटर उंच असतं, ३ किलोमीटरवर जेमतेम १६० मीटर. मुंबईत घाटकोपरवरून विमान उतरताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा आकडा पटेल. तिथे कुणी १२० मीटरवर ड्रोन नेला, तर दोघांमध्ये ४० मीटर राहतात. म्हणून विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मोकळीक फक्त २०० फुटांपर्यंत आहे. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळं क्षेत्र सुरू होतं. तिथे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. ही क्षेत्रं ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर दिसतात आणि बदलतही असतात, तेव्हा प्रत्येक उड्डाणाआधी नकाशा पाहायला हवा.

हेलिकॉप्टर हा दुसरा अपवाद. रुग्णाला न्यायला, पुरात अडकलेल्यांना काढायला ते कुठेही आणि कितीही खाली येतं. २१ सप्टेंबर २०१७ला न्यूयॉर्कजवळ समुद्रावर, सुमारे ३०० फुटांवर, लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला ड्रोन धडकला. पात्याला खड्डा पडला. म्हणजे टक्कर ४०० फुटांच्या आत झाली. ड्रोनवाला चारेक किलोमीटर लांब होता आणि स्क्रीनवर विसंबून होता. त्या भागात तात्पुरती उड्डाणबंदी आहे हेही त्याला माहीत नव्हतं. हेलिकॉप्टरमध्ये अडकलेल्या मोटारीवरच्या क्रमांकावरून तपास पथक त्याच्यापर्यंत पोचलं, तेव्हा कुठे त्याला टक्कर झाल्याचं कळलं. तोवर त्याची समजूत होती, की ड्रोन बिघडून पाण्यात पडला.

वैमानिकाने चुकवावं, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. ताशी २५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७० मीटर. वीतभर आकाराचा ड्रोन त्याला ३०० मीटरवरून दिसला असं धरलं, तरी हातात चार सेकंद राहतात. म्हणूनच माणूस बसलेल्या विमानाला वाट देण्याची जबाबदारी नियमाने पूर्णपणे ड्रोनवाल्यावर टाकली आहे.

डोंगराळ भागात आणखी एक फसगत होते. स्क्रीनवर H समोर दिसणारा आकडा ही ड्रोनच्या खालच्या जमिनीपासूनची उंची नसते. जिथून ड्रोन उडवला त्या जागेपासूनची असते. समजा, एखादा गड पायथ्याच्या गावापासून २५० मीटर उंच आहे. माचीवरून ड्रोन ५० मीटर वर नेला आणि दरीवर सरकवला. स्क्रीन म्हणते ५०. गावापासून मात्र तो ३०० मीटरवर, जवळजवळ हजार फुटांवर आहे आणि दरीतून ५०० फुटांवरून जाणारं हेलिकॉप्टर त्याच्या खालून जाईल. ॲपमधली १२० मीटरची मर्यादाही याच आकड्यावर चालते, त्यामुळे ॲप इथे अडवत नाही. ड्रोन कड्याच्या बाहेर न नेणं, हाच इथे खात्रीचा उपाय.

हेलिकॉप्टरचा आवाज आला की घाबरून अनेक जण ‘रिटर्न टू होम’चं बटण दाबतात. बऱ्याच ड्रोनमध्ये या बटणाने ड्रोन आधी ठरवून ठेवलेल्या उंचीपर्यंत वर चढतो आणि मगच परत फिरतो. म्हणजे नको त्या क्षणी तो हेलिकॉप्टरच्या दिशेने जातो. अशा वेळी उंचीची काडी खाली ओढून ड्रोन आहे तिथेच सरळ खाली आणावा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत खाली ठेवावा. परतीची उंचीही १०० मीटरवर तशीच सोडू नये. आजूबाजूचं सर्वांत उंच झाड किंवा टॉवर पाहून त्याच्या थोडी वर, उड्डाणाआधीच लावून ठेवावी. सिग्नल तुटला, तर ड्रोन कुणालाही न विचारता त्याच उंचीवर जाणार असतो.