सात साइड प्रोजेक्ट, एकही पूर्ण नाही: मग मी त्यांना एका धाग्यात कसं ओवलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

मागच्या वर्षी एका इंटरव्ह्यूमध्ये समोरच्यांनी माझं गिटहब उघडलं. सात प्रोजेक्ट होते: मराठी शब्दकोड्याचा गेम, आईच्या रेसिपींची वही, गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी, क्रिप्टोच्या भावाचा अलर्ट, सवयींचा ट्रॅकर, मित्रांत बिल वाटणारं ॲप आणि वॉलपेपरचं ॲप. त्यांनी विचारलं, "यातलं कुठलं काम तुम्हाला खोलवर येतं?" मला उत्तर देता आलं नाही. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मी लॉगिनचं पान छान बनवलं होतं आणि खरं अवघड काम सुरू होण्याआधीच सोडून दिलं होतं.

घरी आल्यावर मी वही काढली. प्रत्येक कल्पनेपुढे एकच गोष्ट लिहिली: यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं? विषय काय किंवा भाषा कुठली, हे मुद्दाम लिहिलं नाही. बिलाच्या ॲपपुढे आलं 'पैशांचा हिशेब जुळवणं', अलर्टपुढे 'चोवीस तास चालू ठेवणं'. पण गेम, रेसिपी आणि वाचनालय या तिघांपुढे एकच वाक्य आलं: 'मराठी अक्षरं नीट ओळखणं'.

हे अवघड का, ते सांगतो. आईने तिच्या फोनवर 'कैऱ्या' लिहिलं होतं. मी लॅपटॉपवर तोच शब्द शोधला, तर काहीच सापडेना. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसत होते. आतमध्ये मात्र फरक होता: एका कीबोर्डने 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरलं होतं, दुसऱ्याने साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. त्यामुळे एका शब्दात सहा चिन्हं, दुसऱ्यात सात. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही हा फरक मिटवत नाही, म्हणून एक ओळ आपणच लिहावी लागते:

```python
import unicodedata

def ekrup(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    return s.replace("\u0930\u094d\u200d",
                     "\u0931\u094d")
```

शोधायचा शब्द आणि साठवलेला शब्द, दोन्ही यातून काढले की 'कैऱ्या' सापडतात. वाचनालयाच्या यादीत 'वाऱ्यावरची वरात' शोधताना हेच फंक्शन जसंच्या तसं चाललं. गेममध्ये याच कामाची दुसरी बाजू आली. 'क्षण' या शब्दाला आपण दोन चौकोन देऊ, पण पायथनचं `len` चार सांगतं, कारण ते क, हलन्त, ष आणि ण वेगवेगळे मोजतं. मग अक्षरं तोडणारं फंक्शनही त्याच फाइलमध्ये गेलं.

तर माझी थीम ठरली: मराठी मजकूर शोधता आणि मोजता आला पाहिजे. उरलेल्या चार कल्पना मी पुसल्या नाहीत, वहीच्या शेवटच्या पानावर नेल्या.

इथे दोन चुका सहज होतात. पहिली म्हणजे थीमच्या नावाखाली नुसतं लेबल लावणं. 'वेब ॲप्स' असं नाव दिलं की सातही प्रोजेक्ट त्यात बसतात, पण एकातलं दुसऱ्यात काहीच जात नाही. ओळखायची खूण सोपी आहे: दुसरा प्रोजेक्ट सुरू करताना पहिल्यातली एखादी फाइल उचलावी लागली का? नसेल, तर थीम फक्त कागदावर आहे.

दुसरी चूक मी स्वतः केली. 'आधी पक्की लायब्ररी बनवू' म्हणत तीन आठवडे घालवले आणि कुणाला लागणारही नाहीत अशी फंक्शनं लिहिली. शेवटी ती बाजूला ठेवून रेसिपीची वही पूर्ण केली. लागणारं फंक्शन तिथेच लिहिलं आणि वाचनालयाला तेच हवं झालं, तेव्हाच वेगळ्या फाइलमध्ये काढलं. हा क्रम पाळला की वापरात नसलेला कोड साचत नाही.

याची एक किंमतही आहे. पैशांचे व्यवहार किंवा सर्व्हर सांभाळणं यातलं मला या तीन प्रोजेक्टमधून काहीच शिकायला मिळालं नाही. तशी नोकरी हवी असेल, तर धागा दुसरा निवडावा लागेल.

गिटहबवर सहा प्रोजेक्ट पिन करता येतात. माझे आता तीनच आहेत, आणि तिन्हींच्या माहितीत पहिली ओळ एकच: कुठला शब्द सापडत नव्हता आणि तो आता कसा सापडतो. पुढच्या इंटरव्ह्यूत मी 'कैऱ्यां'पासूनच सुरुवात केली. पंधरा मिनिटं आम्ही त्यावरच बोललो.

तुमच्या वहीत कोणतं वाक्य दोनदा आलं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!