‘डॉक्युमेंट्स पाठवा’ म्हणणारा नक्की कोण?

‘नमस्कार, चाकणच्या प्लांटसाठी क्वालिटी इंजिनिअर हवेत. तुमचा रेझ्युमे शॉर्टलिस्ट झाला आहे. आज चारच्या आत आधार, पॅन आणि दोन फोटो पाठवा.’ खाली ‘एचआर एक्झिक्युटिव्ह’ असं लिहिलेलं, वर ओळखीच्या कंपनीचा लोगो. नोकरी शोधणाऱ्या कुणाच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज सहज सापडेल. पोर्टलवर रेझ्युमे टाकला की फोननंबर बऱ्याच भरतीवाल्यांच्या हाती जातो, आणि त्यात प्रामाणिकपणे माणसं शोधणारेही पुष्कळ असतात. पंचाईत अशी की खऱ्याचा मेसेजही साधारण असाच दिसतो. तोही घाईत असतो, तोही अनोळखी नंबरवरून येतो आणि त्याचंही शुद्धलेखन फारसं बरं नसतं.

त्यामुळे मेसेजच्या तोंडावळ्यावरून निदान करण्यापेक्षा एक साधा प्रश्न जास्त उपयोगी पडतो: या कागदाची गरज या टप्प्यावर कुणाला आणि कशासाठी आहे? पॅन कंपनीला लागतं ते पगारातून आयकर कापण्यासाठी, म्हणजे पगार सुरू होताना. आधार लागतं भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यासाठी, तेही रुजू होताना. पूर्वीच्या नोकरीची आणि पत्त्याची पडताळणी करणाऱ्या संस्था कागद मागतात, पण बहुधा ऑफर हातात आल्यावर. मुलाखतीच्या दिवशी गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं. मात्र दाखवणं वेगळं आणि कॉपी पाठवणं वेगळं. शॉर्टलिस्टिंगला रेझ्युमे पुरतो.

याला एक खराखुरा अपवाद आहे. आयटी क्षेत्रात एकाच जागेसाठी अनेक कन्सल्टन्सी उमेदवार पाठवतात. तोच उमेदवार दोघांकडून गेला तर कमिशनवरून वाद होतो, म्हणून काही जण सुरुवातीलाच पॅन नंबर विचारतात. ही पद्धत आहे, पण त्यासाठी लागतो तो नंबर. कार्डाचा फोटो लागत नाही. हातात कार्ड धरून काढलेला सेल्फी तर मुळीच लागत नाही, कारण तसा फोटो कामी येतो तो कुणाच्या तरी नावावर खातं किंवा कर्ज उघडताना.

हे घडतं कसं, याची उदाहरणं वर्तमानपत्रांत येत असतात. जानेवारी 2020 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या झोपडपट्टीत राहणाऱ्या एका मजुराला सुमारे 1 कोटी 5 लाख रुपयांच्या आयकराची नोटीस आली होती. त्याच्या पॅनवर उघडलेल्या बँक खात्यात नोटाबंदीच्या काळात 58 लाख रुपये भरले गेले होते. खातं आपलं नाही, सही आणि फोटोही आपला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचे कागद नोकरीच्या निमित्ताने गेले होते असं नाही. पण पॅन एकदा परक्या हातात पडलं की त्रास किती वर्षांनी उगवू शकतो, ते यातून दिसतं.

आता ओळख पटवण्याकडे वळू. इथे लोक एक गल्लत करतात. ‘कंपनी खरी आहे का?’ एवढंच तपासतात, आणि ती खरी निघाली की निश्चिंत होतात. पण फसवणारा माणूस बहुतेक वेळा खऱ्या कंपनीचंच नाव वापरतो. खोटी कंपनी उभी करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. म्हणून तपासायच्या गोष्टी दोन: कंपनी आहे का, आणि हा माणूस तिच्या वतीने बोलतोय का.

पहिल्याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. कंपनी कायद्यानुसार नोंदणीकृत कंपनीच्या लेटरहेडवर नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन हा 21 अक्षर-अंकांचा क्रमांक छापावा लागतो. तो वाचताही येतो. इन्फोसिसचा सीआयएन L85110KA1981PLC013115 असा आहे. पहिला L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. नोंदलेली नसेल तर U येतो. पुढचे पाच अंक उद्योगाचा प्रकार सांगतात, KA म्हणजे कर्नाटक, 1981 हे स्थापनेचं वर्ष, PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड आणि उरलेला नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रात नोंदलेल्या कंपनीत MH दिसतं, प्रायव्हेट लिमिटेडमध्ये PTC. ‘पंचवीस वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या पत्रावरच्या क्रमांकात 2024 असेल, तर विचारायला जागा आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर कंपनीची मूळ नोंद शोधली की पत्ता आणि कंपनी चालू आहे की नोंदणीतून काढून टाकली आहे, हेही कळतं. भागीदारी किंवा एकट्या मालकाची पेढी मात्र तिथे सापडणार नाही. ती सापडली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

पण सीआयएन कुणालाही बघून छापता येतो, तेव्हा दुसरा प्रश्न शिल्लकच राहतो. तिथे आधी ईमेलचा पत्ता बघावा. समजा, कंपनीचं संकेतस्थळ example.com आहे. मग hr@careers.example.com हा पत्ता कंपनीच्याच ताब्यातला, कारण टिंबाने जोडलेला भाग मूळ नावाचा मालकच तयार करू शकतो. hr@example-careers.com हे मात्र पूर्ण वेगळं नाव आहे. ते थोड्या पैशांत कुणीही विकत घेऊ शकतं. मधली छोटी आडवी रेघ डोळ्यांना सहज चकवते. शिवाय मेल पाठवणाऱ्याचा पत्ता बनावटही दाखवता येतो. म्हणून आलेला पत्ता नुसता वाचण्यापेक्षा कंपनीच्या मूळ पत्त्यावर स्वतः टाइप करून मेल पाठवणं जास्त भरवशाचं. तो मेल कंपनीकडेच जातो.

सगळ्या पडताळणीचं मर्म इथेच आहे. समोरच्याने दिलेल्या नंबरवर फोन करून समोरच्याची खात्री होत नाही. नंबर आपण शोधायचा, कंपनीच्या संकेतस्थळावरून. तिथला बोर्ड नंबर लावून एचआर विभाग मागायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या: ही जागा आहे का, आणि या नावाची व्यक्ती किंवा एजन्सी तुमच्यासाठी भरती करते का.

सिन्नरचा एक मेकॅनिकल डिप्लोमावाला डोळ्यांसमोर आणू. सुरुवातीचा मेसेज त्याला आलाय. तो गप्प बसला तर कदाचित खरी संधी जाईल. कागद पाठवले तर ते परत येणार नाहीत. तो लिहितो: ‘नमस्कार मॅडम, संधी कळवल्याबद्दल आभार. मला या जागेत रस आहे. कंपनीचं पूर्ण नाव, पदाचं जॉब डिस्क्रिप्शन, कामाचं ठिकाण आणि नोकरी कंपनीच्या पेरोलवर आहे की थर्ड पार्टी, एवढं कळवाल का? तुमच्या ऑफिशियल मेलवरून आलं तर बरं होईल. रेझ्युमे लगेच पाठवतो. आधार, पॅन ऑफर लेटरनंतर देईन.’

या मेसेजमध्ये संशयाचा एकही शब्द नाही. प्रत्येक प्रश्न उमेदवाराने विचारावा असाच आहे. पेरोलचा प्रश्न तर विशेष कामाचा: चाकण, रांजणगाव, सातपूर अशा पट्ट्यांत कंत्राटदारामार्फत घेतलेली मुलं बरीच असतात, आणि खऱ्या भरतीवाल्याला हे उत्तर तोंडपाठ असतं. शेवटचं वाक्य नकार देत नाही, फक्त वेळ सांगतं.

उत्तर येतं: ‘क्लायंटचं नाव आत्ता सांगता येणार नाही.’ हे ऐकून लगेच पळायचं कारण नाही. नाव सांगितलं तर उमेदवार परस्पर अर्ज करील, ही कन्सल्टन्सीची भीती खरी असते. पण मग कन्सल्टन्सीने स्वतःचं नाव, पत्ता, संकेतस्थळ द्यायला हवं, आणि क्लायंट गुप्त आहे तोवर उमेदवाराचं आधारही गुप्त राहायला हरकत नसावी. ‘ठीक आहे मॅडम, मुलाखत ठरली की नाव कळवा, तोवर रेझ्युमे विचारात घ्या’ एवढं पुरतं.

आपल्या या मुलाला मात्र नाव मिळतं. एक सुबक पीडीएफही मिळते: पगार, कामाचे तास, बससेवा सगळं लिहिलेलं. तो कंपनीच्या संकेतस्थळावर जातो. जागा खरंच आहे, अगदी तीच, त्याच शब्दांत. इथे बरेच जण थांबतात. तो बोर्ड नंबर लावतो. पलीकडून सांगतात, ‘जागा आमची आहे, पण या एजन्सीला आम्ही काम दिलेलं नाही. तुम्ही आमच्या पोर्टलवरून अर्ज करा.’ पीडीएफ संकेतस्थळावरून उचललेली होती. चांगलं जॉब डिस्क्रिप्शन हा खरेपणाचा पुरावा का नाही, ते यात दिसतं. त्याच संध्याकाळी ‘मॅडम’चा मेसेज येतो: ‘स्लॉट लॉक होतोय, आधारवर आलेला ओटीपी सांगा.’ यानंतर विचार करण्यासारखं काही उरत नाही. ओटीपी सांगणं म्हणजे आपल्या आधारवरची पडताळणी दुसऱ्याला करू देणं, आणि नोकरीची कोणतीही भरती उमेदवाराकडून फोनवर ओटीपी मागत नाही.

खरा भरतीवाला कधी तुसडेपणाने बोलतो, हेही ध्यानात ठेवावं. दिवसभर तीच उत्तरं देऊन माणूस वैतागतो. उलट ठगाची भाषा बऱ्याचदा गोड असते. म्हणून स्वरावर फार भिस्त ठेवू नये. पैशांची मागणी मात्र वेगळी गोष्ट. नोंदणी, लॅपटॉप, ट्रेनिंग डिपॉझिट अशा कुठल्याही नावाने आली तरी. नोकरीसाठी आम्ही पैसे घेत नाही, असं टीसीएस आणि इन्फोसिससारख्या कंपन्यांनी जाहीरच केलेलं आहे.

ऑफर पटली, कंपनीने दुजोरा दिला आणि आधार द्यायची वेळ आली, तरी पूर्ण कार्ड द्यावंच असं नाही. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. मे 2022 मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारच्या झेरॉक्स वाटू नका, मास्क्ड प्रत वापरा अशी सूचना काढली आणि चुकीचा अर्थ निघेल म्हणून केंद्र सरकारने ती दोन दिवसांत मागे घेतली. सूचना मागे गेली, सोय राहिली. निव्वळ ओळख पटवायची असेल तर ती पुरते. भविष्यनिर्वाह निधीसाठी पूर्ण नंबर पुढे द्यावाच लागतो. कॉपीवर कंपनीचं नाव, पद आणि तारीख आडवी लिहिण्याची जुनी सवयही चांगली. त्याने गैरवापर थांबतोच असं नाही, पण कॉपी कुठून फुटली ते कळतं.

आणि कागद आधीच गेले असतील तर? पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी 1930 या हेल्पलाइनवर फोन, तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, आणि आधार कधी कधी वापरलं गेलं त्याचा इतिहास यूआयडीएआयकडे बघता येतो. आपल्या नावावर किती सिम आहेत ते sancharsaathi.gov.in वर दिसतं. अनोळखी नंबर तिथूनच कळवता येतो. सिबिलसह चारही पतमाहिती संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही एकदम न मागवता दर तीन महिन्यांनी एक मागवला, तर आपल्या नावावरचं परकं कर्ज वर्षभर लपून राहण्याची शक्यता बरीच कमी होते.