पत्ता तोच, यंत्र दुसरं

मुख्य कचेरी पुण्यात आणि एक शाखा साताऱ्यात, अशी एखादी पतसंस्था डोळ्यासमोर आणा. खात्यांचा सगळा कारभार पुण्यातल्या सर्व्हरवर चालतो आणि त्याचा पत्ता आहे 192.168.1.10. दुपारी बारा वाजता हा सर्व्हर दुरुस्तीसाठी बाजूला काढायचं ठरतं. शेजारीच राखीव सर्व्हर तयार असतो. नेटवर्क सांभाळणारा माणूस जुन्या यंत्रावरून हा पत्ता काढतो, नव्यावर चढवतो, आणि पुण्यातल्या टेबलांवरचं काम एखाद-दोन मिनिटांत पुन्हा सुरू होतं. साताऱ्याहून मात्र फोन येतो, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ पुण्यातून उत्तर जातं, ‘आमच्याकडे तर चालू आहे.’ पावणेचारच्या सुमाराला, कोणी काहीही न करता, साताऱ्यातही काम सुरू होतं. मग ‘लाइनचा प्रॉब्लेम असेल’ असं म्हणून विषय मिटतो. लाइन मात्र पूर्ण वेळ ठणठणीत होती.

नेमकं काय झालं हे समजण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. 192.168.1.10 हा आयपी पत्ता माणूस ठरवतो आणि तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येतो. पण कचेरीतल्या तारांवरून पॅकेट प्रत्यक्ष पोचतं ते दुसऱ्याच पत्त्यावर. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा एक क्रमांक मिळालेला असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्यामुळे पॅकेट पाठवणाऱ्याला दर वेळी एक प्रश्न पडतो : हा आयपी पत्ता सध्या कोणत्या मॅककडे आहे?

याची सोय एआरपी नावाच्या पद्धतीने होते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या डेव्हिड प्लमर यांनी ती नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या टिपणात मांडली, आणि ती आजही जवळजवळ जशीच्या तशी चालते. चाळीच्या चौकात उभं राहून हाक मारावी तसा हा प्रकार आहे. ‘192.168.1.10 कोण आहे? मला सांगा’ असा पुकारा त्या नेटवर्कवरच्या सगळ्यांना ऐकू जातो. ज्याचा तो पत्ता आहे तेवढंच यंत्र फक्त विचारणाऱ्याला उत्तर देतं : ‘मी आहे, माझा मॅक अमुक.’ उत्तर खरं की खोटं हे कोणी तपासत नाही. खोटं उत्तर देऊन दुसऱ्याची पॅकेटं पळवण्याचे प्रकार होतात ते याच भोळेपणामुळे, पण तो वेगळा विषय आहे.

दर पॅकेटला असा पुकारा करायचा तर नेटवर्कवर गोंगाटच माजेल. म्हणून मिळालेलं उत्तर प्रत्येक यंत्र आपल्या स्मृतीत टिपून ठेवतं. या नोंदींच्या तक्त्याला एआरपी कॅश म्हणतात. ही नोंद किती वेळ खरी मानायची? प्लमर यांच्या टिपणात जुन्या नोंदी कालांतराने काढून टाकाव्यात असा विचार आहे, पण ते कसं करायचं हे या नियमांच्या कक्षेबाहेरचं आहे, असं म्हणून त्यांनी तो प्रश्न सोडून दिला. साहजिकच ज्याने त्याने आपापली मुदत ठरवली. विंडोज आणि लिनक्सची यंत्रं साधारण १५ ते ४५ सेकंदांतच नोंदीवर शंका घेतात आणि गरज पडली की ती पुन्हा तपासतात. सिस्कोच्या राउटरमध्ये, कोणी बदलली नसेल तर, ही मुदत चार तासांची असते.

आता पतसंस्थेकडे वळू. पुण्यातले संगणक आपल्या नेटवर्कवरचेच असल्याने थेट सर्व्हरशी बोलतात. त्यांची नोंद लवकर जुनी झाली, जुन्या सर्व्हरने आता ‘मी आहे’ म्हटलं नाही, मग नवा पुकारा झाला आणि नव्या सर्व्हरचा मॅक मिळाला. साताऱ्याची पॅकेटं मात्र पुण्यातल्या राउटरपर्यंत येतात आणि शेवटचा टप्पा राउटर पार पाडतो. या राउटरने आपली नोंद ११.४० ला केलेली होती. त्याच्या लेखी ती ३.४० पर्यंत खरी. तोवर तो साताऱ्याचं प्रत्येक पॅकेट इमानेइतबारे जुन्या सर्व्हरच्या मॅकवर पोचवत राहिला.

जुना सर्व्हर बंद नव्हता, फक्त त्याच्याकडचा तो पत्ता काढलेला होता. कार्डाने पॅकेट घेतलं, कारण वरचा मॅक त्याचाच. आत पाहिलं तर आयपी पत्ता आपला नाही. मग त्याने पॅकेट टाकून दिलं आणि तक्रारही केली नाही. म्हणूनच साताऱ्यात एखादी चूक पडद्यावर येण्याऐवजी नुसतं वाट पाहणं नशिबी आलं.

याहून वाईट एक शक्यता आहे. जुन्या यंत्रावरून पत्ता काढायचा राहूनच गेला असता, तर त्याने ही पॅकेटं आनंदाने स्वीकारली असती. साताऱ्याच्या नोंदी जुन्या डेटाबेसमध्ये, पुण्याच्या नव्या डेटाबेसमध्ये, आणि दोन्हीकडे ‘व्यवहार पूर्ण’. माझ्या मते साताऱ्याचं काम बंद पडलं हे त्या मानाने नशीबच.

जाणकार वाचक इथे हरकत घेतील की नवं यंत्र पत्ता घेतल्यावर न विचारताच सगळ्यांना तसं कळवतं. पुष्कळदा कळवतं, आणि ऐकणारे आपापली नोंद सुधारतातही. पण लिनक्सवर हाताने `ip addr add` ही आज्ञा देऊन जादा पत्ता चढवला, तर अशी दवंडी आपोआप पिटली जात नाही. त्यातून नव्या सर्व्हरचा स्वतःचा पत्ता होता 192.168.1.12. तो राउटरशी बोलला ते त्याच नावाने. 10 हा पत्ता आता त्याच्याकडे आहे हे राउटरच्या कानावर पडलंच नाही.

हा दोष पकडायला फार काही लागत नाही. दुपारी एक वाजता राउटरवर `show ip arp 192.168.1.10` विचारलं असतं, तर असं दिसलं असतं :

```
Protocol  Address       Age (min)  Hardware Addr   Type  Interface
Internet  192.168.1.10  80         001b.21aa.10f1  ARPA  Gi0/1
```

सगळी मेख त्या 80 मध्ये आहे. सर्व्हर बदलून साठ मिनिटं झाली आणि नोंद मात्र ऐंशी मिनिटांची, म्हणजे ती बदलाच्या आधीची. पुढचा मॅक नव्या सर्व्हरच्या कार्डाशी ताडून पाहिला की शंका उरत नाही. ‘काही जणांना चालतं, काहींना नाही, आणि काही तासांनी आपोआप सुरळीत होतं’ हे लक्षण दिसलं की आधी इथेच पाहावं.

उपाय एका ओळीचा आहे. राउटरवर `clear ip arp 192.168.1.10` म्हणून तेवढी नोंद पुसायची. किंवा नव्या सर्व्हरवरूनच दवंडी पिटायची :

```
arping -U -c 3 -I eth0 192.168.1.10
```

यात `eth0` च्या जागी आपल्या कार्डाचं नाव घालावं. राउटर बंद-चालू केल्यानेही काम होतं, कारण कॅश पुसली जाते. पण तेवढ्यासाठी सगळ्या शाखांची जोडणी तोडणं शहाणपणाचं नाही. पत्ता वारंवार हलवावा लागत असेल, तर व्हीआरआरपीसारखी पद्धत वापरावी. तिच्यात आयपीबरोबर एक सामाईक मॅक पत्ताही नव्या यंत्राकडे जातो, त्यामुळे राउटरची जुनी नोंद खोटी ठरतच नाही. हाताने बदल करणाऱ्यांनी `ip addr add` च्या खालीच `arping` ची ओळ लिहून ठेवावी आणि जुन्या यंत्रावरचा पत्ता निघाल्याची खात्री करूनच जागेवरून उठावं.